शून्य सरकले तेव्हा

दर वर्षी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात वर्तमानपत्रात एक लहानशी बातमी येते. सरलेले वर्ष देशाच्या तापमानाच्या हिशेबाने कसे गेले, ते हवामान खाते त्यात सांगते. निवृत्तीनंतर कात्रणे चिकटवायची सवय लागली आहे, तशी हीही बातमी मी वहीत चिकटवून ठेवतो. या वहीनेच मला चारचौघांत तोंडघशी पाडले. आज ती गोष्ट सांगायची आहे. सांगायला थोडी लाज वाटते, पण चूक जाहीरपणे केली असेल तर दुरुस्तीही जाहीर हवी, असे मी चाळीस वर्षे मुलांना सांगत आलो आहे.

झाले असे. गेल्या उन्हाळ्यात गावाकडच्या वाचनालयात मला चार शब्द बोलायला बोलावले होते. उकाडा मी म्हणत होता, साहजिकच विषय ऊन हाच निघाला. मी मोठ्या ऐटीत वही उघडली. जानेवारी २०१७ च्या कात्रणात लिहिले होते की २०१६ हे वर्ष १९०१ पासूनच्या नोंदींतले सर्वांत उष्ण वर्ष, देशाचे तापमान सरासरीपेक्षा ०.९१ अंश सेल्सिअसने जास्त. जानेवारी २०२१ च्या कात्रणात त्याच २०१६ चा आकडा ०.७१ होता. आणि जानेवारी २०२५ च्या कात्रणात २०२४ हे नवे सर्वांत उष्ण वर्ष ठरले होते, त्याचा आकडा ०.६५, आणि मागे पडलेल्या २०१६ चा आकडा आता ०.५४!

मी म्हणालो, "बघा मंडळी. तेच वर्ष, पण आकडा ०.९१ वरून ०.५४ वर आला. आणि आताचे विक्रमी वर्षसुद्धा ०.६५ वरच थांबले. म्हणजे पूर्वी फुगवून सांगत होते, नाही तर उष्णता आता उतरते आहे."

टाळ्या पडल्या. बाहेर पडताना एक म्हातारे कास्तकार माझा हात धरून म्हणाले, "म्हंजे गुरुजी, कमी होऊन रायलं ना? बरं वाटलं आयकून." त्यांच्या चेहऱ्यावर खरेच बरे वाटल्याची खूण होती. तीच पुढे मला टोचत राहिली.

घरी आल्यावर ही फुशारकी भाचीला फोनवर सांगितली. ती संख्याशास्त्र शिकवते. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मामा, कात्रणाच्या तळाची ओळ कुठे आहे? कात्रीने उडवलीत का?"

वही काढून पाहिली. एका कात्रणाची शेवटची ओळ खरोखर अर्धी कापलेली होती. दुसऱ्यात ती होती, पण मी वाचली नव्हती. तिसऱ्यात कंसात बारीक अक्षरात होती. पहिल्या बातमीतली सरासरी होती १९६१ ते १९९० या तीस वर्षांची. दुसरीतली १९८१ ते २०१० ची. तिसरीतली १९९१ ते २०२० ची. मी तीन वेगवेगळ्या सरासऱ्यांपासून मोजलेले तीन फरक एका रांगेत मांडून त्यांची तुलना केली होती.

वाचकहो, मी इतिहासाचा मास्तर. ही चूक माझ्याकडून व्हायलाच नको होती, कारण असला प्रश्न आम्ही रोज सोडवतो. शिवरायांचा राज्याभिषेक कोणत्या वर्षी झाला? इसवी सन १६७४. शालिवाहन शके १५९६. आणि त्याच दिवसापासून सुरू झालेल्या राज्याभिषेक शकाचे वर्ष पहिले. एकच घटना, तीन आकडे. म्हणून १६७४ चे १५९६ झाले तेव्हा काळ अठ्ठ्याहत्तर वर्षे मागे गेला, असे कोणी शहाणा म्हणेल का? मोजायला सुरुवात कुठून केली, ते बदलले. घटना होती तिथेच आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने आकड्यापुढे शक आहे की सन, हे आधी पाहायचे असते. तापमानाच्या या आकड्यांचाही एक शक असतो. त्याला बेसलाइन म्हणतात, मी आपला 'आधारकाळ' म्हणतो. आणि त्या आधारकाळाच्या सरासरीपासूनचा जो फरक, त्याला अ‍ॅनॉमली म्हणतात. वर्तमानपत्रे कधी 'विचलन' लिहितात, पण साधा 'फरक' हा शब्द पुरेसा आहे.

आता पुढे जाऊन पाहा. २०१६ चे तापमान तर २०१६ मध्येच ठरून गेले. मग फरक ०.९१ वरून ०.५४ का झाला? कारण ज्यापासून तो मोजला ती सरासरीच वर चढली. किती चढली? ०.९१ मधून ०.५४ वजा करा. ०.३७ अंश. म्हणजे १९६१ ते १९९० च्या भारतापेक्षा १९९१ ते २०२० चा भारत सुमारे ०.३७ अंशांनी जास्त उष्ण होता. (मधल्या काळात जुन्या नोंदींत बारीकसारीक दुरुस्त्या होत असतात, म्हणून दुसरे दशांशस्थळ काट्यावर तोलू नये.) मी ज्या घटीला उष्णता उतरल्याचा पुरावा म्हणत होतो, तोच उष्णता वाढल्याचा पुरावा होता! पाणी चढत असताना मोजपट्टीच वर सरकवली, तर पट्टीवरचा आकडा कमी दिसणारच.

हेच उलट दिशेने करून पाहा. २०२४ चा ०.६५ हा फरक २०१७ सालच्या बातमीच्या भाषेत सांगायचा तर त्यात ०.३७ मिळवायचे. होतात १.०२. म्हणजे साधारण एक अंश. त्या जुन्या मापाने २०१६ चे ०.९१ आणि २०२४ चे १.०२. नव्या मापाने ०.५४ आणि ०.६५. दोन्हीकडे या दोन वर्षांतले अंतर ०.११ च राहते. आधारकाळ कोणताही घ्या, कोणते वर्ष कोणापेक्षा किती उष्ण, हे बदलत नाही. आलेखाची चढणही तीच राहते. फक्त शून्याची आडवी रेघ वर किंवा खाली सरकते.

ही तीस वर्षांची भानगड आली कुठून? आपले हवामान खाते १८७५ चे. एच. एफ. ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. कचेरी आधी कलकत्त्याला, मग सिमल्याला आणि १९२८ मध्ये पुण्याला आली. पुणेकर शिवाजीनगरच्या त्या इमारतीला 'सिमला ऑफिस' का म्हणतात, ते यावरून कळेल. प्रत्येक देश आपापल्या परीने 'नेहमीचे तापमान' काढत होता. मग १९३५ मध्ये वॉर्सा येथे निरनिराळ्या देशांच्या हवामान खात्यांच्या प्रमुखांची परिषद भरली आणि १९०१ ते १९३० ही तीस वर्षे सर्वांसाठी सामाईक धरावीत असे ठरले. पुढे १९३१ ते १९६०, मग १९६१ ते १९९० असे आधारकाळ आले. एखाददुसरे वर्ष दुष्काळाचे, एखादे अतिवृष्टीचे, एखादे एल निनोचे. पाच वर्षांची सरासरी घेतली तर असे एकच वर्ष तिला ओढून नेते. तीस वर्षांत हे चढउतार बरेचसे एकमेकांना खाऊन टाकतात, आणि तीस वर्षांच्या नीट नोंदी पुष्कळ ठिकाणी मिळूही शकतात. यापलीकडे तीस या आकड्यात काही गूढ नाही.

२०१५ मध्ये जागतिक हवामान संघटनेने ठरवले की हा काळ दर दहा वर्षांनी पुढे न्यायचा, म्हणजे 'नेहमीपेक्षा आज किती' हे लोकांना आपल्या आठवणीतल्या काळाशी ताडता येईल. मात्र दीर्घकाळचा बदल पाहायला १९६१ ते १९९० हा काळ कायम ठेवायचा. म्हणजे सरकती पट्टी एक आणि रोवलेली पट्टी एक. माझ्या वहीतली कात्रणे सरकत्या पट्टीची होती, आणि मी ती रोवलेली समजलो होतो.

इथे कोणी विचारेल, की हा सगळा घोळ कशाला? सरळ तापमानच का सांगत नाहीत? तेही सांगतात. २०२४ मध्ये देशाचे सरासरी तापमान २५.७५ अंश होते. मग फरकाचे लचांड हवे कशाला?

याचे उत्तर मला माझ्या शाळेतल्या दिवसांत सापडले. पूर्वी तपासणीला साहेब यायचे तेव्हा वर्गाची सरासरी पाहायचे. त्या दिवशी कच्ची चार पोरे गैरहजर असली की सरासरी आपोआप वर जायची. कोणी एक अक्षर जास्त शिकलेले नसायचे! खरी प्रगती पाहायची तर प्रत्येक पोराचे गुण त्याच्याच मागच्या गुणांशी ताडून पाहावे लागतात. मग चार पोरे नसली तरी बाकीच्यांवरून वर्ग पुढे गेला की मागे, ते बऱ्यापैकी कळते.

तापमानाचे अगदी तसेच. आपली तीन गावे घ्या. यवतमाळ पठारावर, वणी खाली वर्धा नदीच्या खोऱ्याकडे, आणि चिखलदरा पार सातपुड्याच्या डोंगरावर. समजायला सोपे म्हणून मे महिन्याची सरासरी मनानेच धरू: यवतमाळ ३४, वणी ३५, चिखलदरा २७. तिघांची सरासरी ३२. पुढच्या वर्षी तिन्ही गावे एकेक अंशाने तापली: ३५, ३६, २८. सरासरी ३३. इथवर ठीक. पण समजा त्या वर्षी चिखलदऱ्याचा तापमापक फुटला आणि नोंदच झाली नाही. मग उरली दोन गावे, ३५ आणि ३६. सरासरी ३५.५. वाढ खरी एका अंशाची, पण कागदावर साडेतीन अंशांची! उलट, पहिल्या वर्षी चिखलदऱ्याला केंद्रच नसते आणि दुसऱ्या वर्षी नवे सुरू झाले असते, तर सरासरी ३४.५ वरून ३३ वर आली असती. तिन्ही गावे तापली आणि कागद म्हणाला असता, गारवा आला.

आता फरक घेऊन पाहा. यवतमाळ आपल्या सरासरीपेक्षा अधिक एक, वणी अधिक एक, चिखलदरा अधिक एक. सरासरी एक. चिखलदरा गळले तरी एक. वणी गळले तरी एक. गाव उंचावर आहे की खोलगट भागात, हा भेद प्रत्येकाच्या स्वतःच्या सरासरीतच वजा होऊन जातो.

याला निसर्गाचीही साथ आहे. उन्हाची लाट विदर्भावर येते तेव्हा यवतमाळ, वणी, अमरावती सगळीच एकदम तापतात. चिखलदरा बाकीच्यांपेक्षा गार असले तरी त्याच्या नेहमीच्या मानाने तेही तापते. तापमाने निराळी, पण फरक बरेचसे एकत्र हलतात. जेम्स हॅन्सन आणि सर्गेई लेबेडेफ या नासाच्या शास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये जगभरच्या केंद्रांवरून दाखवले की हे नाते शेकडो किलोमीटरपर्यंत टिकते, आणि एका केंद्राचा फरक १२०० किलोमीटरपर्यंतच्या प्रदेशासाठी वापरायची रीत त्यांनी घातली, जवळच्याला जास्त वजन आणि लांबच्याला कमी. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात हे नाते त्या अंतरावर तितकेसे घट्ट राहत नाही, हेही त्यांच्या कामातूनच दिसले. पण निव्वळ तापमानाचे असे काही करताच येत नाही. चिखलदऱ्याच्या आकड्यावरून वणीचे ऊन कोण सांगणार?

याच्याही आधी, १९३८ मध्ये, गाय कॅलेंडर नावाच्या एका इंग्रज वाफयंत्र अभियंत्याने फावल्या वेळात हाच उद्योग केला होता. जगातल्या १४७ केंद्रांच्या नोंदी गोळा करून, १९०१ ते १९३० च्या सरासरीपासूनचे फरक त्याने हाताने काढले आणि पृथ्वी तापते आहे असे दाखवले. पन्नास वर्षांत सुमारे पाव-एक अंशाची ती वाढ. कागदपेन्सिलीवर एवढी बारीक वाढ पकडता आली, ती फरकांच्या युक्तीमुळेच.

उलट, साऱ्या पृथ्वीचे सरासरी तापमान नेमके किती, हे आजही कोणी ठाम सांगू शकत नाही. १४ अंशांच्या आसपास म्हणतात, पण त्यात अर्धा अंश इकडेतिकडे होऊ शकतो. सगळे डोंगर, बर्फ, वाळवंटे कोणी मोजली? एका वर्षाचा दुसऱ्या वर्षाशी फरक मात्र बहुधा दशांशातलाच असतो. अर्ध्या अंशाने डोलणाऱ्या आकड्यावरून तो कसा दिसणार? फरक काढला की हे डोलणे बहुतेक गळून पडते.

आता जगाचा तो आलेख तुमच्यासमोर आला तर काय पाहायचे, ते मी शिकलो तसे सांगतो. आधी बारीक अक्षरातली वर्षे शोधा. नासाच्या आलेखावर १९५१ ते १९८० असेल, कारण त्यांनी हे काम उभे केले तेव्हा तीच ताजी तीस वर्षे होती. मग शून्याची रेघ पाहा. ती गोठणबिंदूची नाही, आणि 'असेच असायला हवे' अशी आदर्शाचीही नाही. ती फक्त त्या तीस वर्षांची सरासरी. खातरजमा करायची तर आधारकाळावर बोट ठेवा. त्या पट्ट्यात रेघेच्या वरची आणि खालची वर्षे एकमेकांना फेडून टाकताना दिसली पाहिजेत. दिसली नाहीत, तर आधारकाळ तुम्ही समजता तो नाही. आणि लाल-निळ्या रंगांवर फार जाऊ नका. १९६१ ते १९९० च्या मापाने लाल दिसणारे वर्ष १९९१ ते २०२० च्या मापाने निळे दिसू शकते. ते गार झालेले नसते, शेजारपाजार जास्त तापलेला असतो.

म्हणूनच २०२४ साठी नासा १.२८ अंश म्हणते आणि जागतिक हवामान संघटना १.५५ म्हणते, यात भांडण नाही. दुसरीचा आधारकाळ १८५० ते १९०० आहे, कारखानदारी वाढण्यापूर्वीच्या काळाच्या जवळचा. (संघटना सहा निरनिराळ्या संचांची सरासरी घेते, तोही थोडा फरक पडतो.) तसेच भारताचे ०.६५ आणि जगाचे १.५५ शेजारी ठेवून 'आपण बरे' असे म्हणू नये. एक आकडा १९९१ ते २०२० पासूनचा, दुसरा १८५० ते १९०० पासूनचा. शके आणि सन यांची वजाबाकी केल्यासारखे ते होईल.

या युक्तीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गावातली वेधशाळाच मोकळ्या माळावरून उचलून इमारतींच्या गर्दीत नेली, तर त्या केंद्राचा स्वतःशीच असलेला संबंध तुटतो, आणि फरकात खोटी पायरी दिसते. ती ओळखायची तर आजूबाजूच्या केंद्रांशी ताडून पाहावे लागते. सगळी सपाट चालली आणि एकच एका वर्षी अचानक उडी मारून तिथेच राहिले, तर ऊन नाही, जागा बदलली. दुसरे म्हणजे फरक अंगाला लागत नाही, ऊन लागते. हवामान खाते मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करताना फक्त फरक पाहत नाही. कमाल तापमान आधी निदान ४० अंश हवे आणि वर नेहमीपेक्षा ४.५ अंशांनी तरी जास्त हवे. आणि ४५ झाले की फरक कितीही असो, लाटच. यवतमाळच्या मे महिन्यात हे वेगळे सांगायला नको. आणि आधारकाळ जसा वर सरकतो तसे 'नेहमीचे'ही वर सरकते. आपल्या नातवंडांचे 'नेहमीचे' ऊन हे माझ्या लहानपणी कडक ऊन होते, हे सरकत्या पट्टीवर दिसत नाही. त्यासाठी रोवलेली पट्टी लागते, नाही तर म्हातारे माणूस.

हे सगळे नीट उमगल्यावर पुन्हा गावाला गेलो. वाचनालयात फळ्यावर तीन आडव्या रेघा काढल्या आणि झालेली चूक कबूल केली. या वेळी टाळ्या नव्हत्या. सभा संपल्यावर त्या म्हाताऱ्या कास्तकारांना मुद्दाम गाठले. मागच्या वेळी मी त्यांना खोटा दिलासा देऊन बसलो होतो, तो परत घेणे जड जात होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हंजे गुरुजी, ऊन नाई उतरलं. तुमचं शून्यच वर चढलं म्हना की!"

चाळीस वर्षांत इतके नेमके उत्तर मला वर्गात क्वचितच मिळाले असेल.

वहीतल्या प्रत्येक कात्रणाखाली आता लाल शाईने आधारकाळ लिहून ठेवला आहे. कात्री चालवताना तळाची ओळही सांभाळतो. असो.